पंचवीस बाटचा डॉलर

एका देशाच्या चलनाचा दुसऱ्या देशाच्या चलनातील भाव, म्हणजे विनिमय दर, कोणी ठरवावा या प्रश्नाची जगभरात तीन प्रकारची उत्तरे दिली गेली आहेत. पहिल्या प्रकारात दर कायद्याने पक्का केला जातो आणि तो बदलण्याचा अधिकार सरकार जाणूनबुजून आपल्या हातातून काढून टाकते. दुसऱ्या प्रकारात दर डॉलरसारख्या एखाद्या मोठ्या चलनाशी किंवा चलनांच्या समूहाशी बांधलेला असतो, परंतु ती गाठ धोरणाची असते, त्यामुळे ती सैल करणे, घट्ट करणे किंवा सोडून देणे हे सरकारच्या इच्छेवर राहते. तिसऱ्या प्रकारात दर तरता असतो, म्हणजे बाजारातील मागणी-पुरवठ्याप्रमाणे तो रोज वरखाली होतो आणि मध्यवर्ती बँक फार तर त्याचे हेलकावे कमी करते. १९९३ च्या मार्चपासून भारतीय रुपया या तिसऱ्या प्रकारात मोडतो. त्याच रुपयाशी नेपाळचा रुपया मात्र १.६० या दराने बांधलेला आहे, आणि आखातात काम करणाऱ्या महाराष्ट्रीय माणसाच्या पगाराचा दिरहम डॉलरशी ३.६७२५ या दराने जोडलेला असल्यामुळे, त्याने घरी पाठवलेल्या रकमेचे रुपये कमीजास्त होतात ते रुपया आणि डॉलर यांच्यातील चढउतारामुळे, दिरहममुळे नव्हे.

या तिन्हींतून निवड करताना एक अडचण कोणत्याही देशाला चुकवता येत नाही. रॉबर्ट मंडेल आणि मार्कस फ्लेमिंग यांनी १९६० च्या दशकात केलेल्या मांडणीतून ती पुढे आली आणि अर्थशास्त्रात ती अशक्य त्रिकूट या नावाने ओळखली जाते. स्थिर विनिमय दर, भांडवलाची मुक्त ये-जा आणि देशांतर्गत गरजेप्रमाणे व्याजदर ठरवण्याचे स्वातंत्र्य या तीन गोष्टींपैकी कोणत्याही दोनच एका वेळी मिळू शकतात. दर बांधलेला आहे आणि पैसा मोकळेपणे आतबाहेर जाऊ शकतो, अशा देशाने मंदीत उद्योगांना दिलासा म्हणून व्याज कमी केले, तर पैसा जास्त व्याज देणाऱ्या देशाकडे निघून जातो, जाताना तो स्थानिक चलन विकून डॉलर घेतो आणि त्यामुळे दरावर ताण येतो. तरत्या दराच्या देशात हा ताण चलनाचा भाव पडण्यातून जिरतो. बांधलेल्या दराच्या देशात तो जिरण्याची वाट बंद असते, म्हणून तो मध्यवर्ती बँकेच्या परकीय चलनसाठ्यावर आणि व्याजदरावर येऊन पडतो. बांधलेला दर का आणि कसा तुटतो याचे मूळ येथे आहे, आणि ते थायलंडच्या १९९७ मधील अनुभवाइतके स्पष्टपणे क्वचितच कुठे दिसते.

थायलंडने नोव्हेंबर १९८४ मध्ये आपल्या चलनाचे, म्हणजे बाटचे, अवमूल्यन केले आणि त्यानंतर बाट चलनांच्या एका समूहाशी बांधला. त्या समूहात डॉलरचा भार इतका मोठा होता की व्यवहारात बाट डॉलरलाच बांधलेला राहिला, आणि पुढे बारा वर्षांहून अधिक काळ एका डॉलरला २५ बाटच्या आसपास हा दर जवळजवळ हलला नाही. विनिमय समानीकरण निधी नावाची यंत्रणा रोज दर जाहीर करी आणि त्या दराने बँकांकडून डॉलर घेई किंवा त्यांना देई. या स्थैर्याचा थायलंडला खरोखर लाभ झाला, हे नाकारण्याचे कारण नाही. जपानी कंपन्यांनी तेथे कारखाने काढले, निर्यात वाढली आणि महागाई आटोक्यात राहिली, कारण व्यापाऱ्याला आणि कारखानदाराला पुढच्या वर्षीचा हिशेब आजच मांडता येत होता.

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारने भांडवलावरील निर्बंध उठवले आणि १९९३ मध्ये बँकॉक आंतरराष्ट्रीय बँकिंग सुविधा सुरू केली, जिच्याद्वारे बँकांना परदेशातून डॉलर उसने घेऊन देशातील ग्राहकांना कर्जाऊ देण्याची मुभा मिळाली. थायलंडमधील व्याजदर डॉलरवरील व्याजापेक्षा बरेच चढे होते. कल्पनेसाठी, एखाद्या बांधकाम कंपनीला बाटमधील कर्ज १३ टक्क्यांनी आणि डॉलरमधील कर्ज ८ टक्क्यांनी मिळत होते असे धरले, तर एक कोटी डॉलर घेऊन त्याचे २५ कोटी बाट करणाऱ्या त्या कंपनीचे वर्षाला सव्वा कोटी बाट व्याज वाचत होते. दर बदलण्याची जोखीम तिने धरायला हवी होती, पण बारा वर्षे न बदललेला दर बदलेल असे धरून विम्यासारखा खर्च करणारी कंपनी स्पर्धेत मागे पडली असती. उद्या दर ५० झाला, तर याच कर्जाची मुद्दल २५ कोटी बाटवरून ५० कोटी बाट होते, आणि कंपनीचे उत्पन्न मात्र बाटमध्येच, घरांच्या आणि कार्यालयांच्या विक्रीतून येते. बांधलेल्या दराचा सर्वांत मोठा धोका असा त्याच्या यशातूनच जन्माला येतो. दर जितका जास्त काळ टिकतो, तितके जास्त लोक तो टिकेल असे धरून कर्ज काढतात, आणि जितकी अशी कर्जे वाढतात, तितके दर सोडून देणे सरकारला अवघड होत जाते.

१९९६ पर्यंत ताणाची चिन्हे स्पष्ट झाली होती. चालू खात्यावरील तूट, म्हणजे वस्तू, सेवा आणि व्याज-नफा यांपोटी देशातून बाहेर जाणारी रक्कम आत येणाऱ्या रकमेपेक्षा जितकी जास्त असते तो फरक, १९९५ आणि १९९६ या दोन्ही वर्षांत राष्ट्रीय उत्पन्नाच्या आठ टक्क्यांच्या आसपास होती आणि ती मुख्यतः अल्प मुदतीच्या परकीय कर्जातून भरून निघत होती. १९९५ च्या वसंतानंतर डॉलर येनच्या तुलनेत जोराने चढू लागला, आणि डॉलरला बांधलेला बाटही त्याच्याबरोबर चढत गेला, त्यामुळे थायलंडने स्वतः काहीही न करता त्याचा माल जपानी ग्राहकाला महाग झाला. १९९६ मध्ये निर्यातीची वाढ जवळजवळ थांबली. बँकॉकमध्ये गरजेपेक्षा कितीतरी जास्त कार्यालये आणि सदनिका बांधून झाल्या होत्या. फेब्रुवारी १९९७ मध्ये सोमप्रसोंग लँड या बांधकाम कंपनीला आपल्या परकीय रोख्यांवरील देणे वेळेवर देता आले नाही, आणि अशा कंपन्यांना कर्जे देऊन बसलेल्या वित्त कंपन्यांकडे ठेवीदार आणि सावकार संशयाने पाहू लागले.

चलनावर हल्ला होतो म्हणजे नेमके काय होते, हे येथे पायरीपायरीने पाहणे आवश्यक आहे. समजा एखाद्या परदेशी निधीने एका बँकेशी तीन महिन्यांचा वायदा केला की आजपासून तीन महिन्यांनी तो २५ अब्ज बाट देईल आणि त्याच्या बदल्यात साधारण एक अब्ज डॉलर घेईल. निधीजवळ आज बाट नाहीत, आणि त्याला त्यांची गरजही नाही. ज्या बँकेने हा वायदा घेतला, ती स्वतः जोखीम बाळगत नाही. ती आजच बाट उसने घेऊन हजर बाजारात विकते आणि डॉलर विकत घेऊन ठेवते. त्या हजर बाजारात ठरलेल्या दराने डॉलर देण्याचे वचन मध्यवर्ती बँकेने दिलेले असल्यामुळे शेवटी डॉलर तिच्याच साठ्यातून जातात. तीन महिन्यांत दर ३० झाला, तर निधीला २५ अब्ज बाट सुमारे ८३ कोटी डॉलरमध्ये मिळतात आणि त्याला १७ कोटी डॉलरच्या आसपास नफा होतो. दर टिकला, तर त्याचे नुकसान बाट आणि डॉलर यांच्यातील तीन महिन्यांच्या व्याजाच्या फरकाएवढे, म्हणजे साधारण एक-दोन कोटी डॉलर होते. बाट डॉलरच्या तुलनेत अचानक वर जाण्याची शक्यता जवळजवळ शून्य असल्याने ही पैज एकतर्फी आहे, आणि सट्टेबाजाला त्याहून चांगली संधी दुसऱ्या बाजारात सहसा मिळत नाही. मात्र सारा दोष परदेशी निधींवर टाकणे योग्य नाही, कारण डॉलरमध्ये कर्ज घेतलेल्या थाई कंपन्या जेव्हा घाबरून आपल्या परतफेडीचे डॉलर आधीच विकत घेऊन ठेवू लागतात, तेव्हा त्यांची खरेदीही त्याच दिशेने जोर लावते.

अशा वेळी मध्यवर्ती बँकेपुढे प्रत्यक्षात तीनच साधने असतात. पहिले म्हणजे साठ्यातून डॉलर विकणे. दुसरे म्हणजे व्याजदर चढवून बाट उसने घेणे इतके महाग करणे की पैज लावणाऱ्याला ती परवडू नये. तिसरे म्हणजे परदेशी लोकांना बाट उसने मिळण्यावरच बंदी घालणे. साठ्यातून डॉलर विकले की तेवढे बाट बाजारातून मध्यवर्ती बँकेकडे परत येतात, देशात रोकड आटते आणि व्याजदर आपोआप चढतात. ज्या देशाच्या बँका भक्कम आहेत त्याला हे सोसते. थायलंडमध्ये मात्र व्याज चढले की बांधकाम कंपन्या आणि त्यांच्यामागे उभ्या असलेल्या वित्त कंपन्या कोसळणार हे स्पष्ट दिसत होते. त्यामुळे मध्यवर्ती बँकेच्याच वित्त संस्था विकास निधीने अडचणीतील वित्त कंपन्यांना शेकडो अब्ज बाट दिले, आणि तेच बाट ठेवीदारांच्या हातून पुन्हा डॉलरच्या खरेदीसाठी बाजारात येऊ लागले. एका हाताने चलनाचे रक्षण आणि दुसऱ्या हाताने त्या रक्षणाविरुद्ध लागणाऱ्या पैशाचा पुरवठा, अशी ही स्थिती होती, आणि दर तुटण्याचे कारण शोधताना डॉलरच्या टंचाईइतकेच महत्त्व या विसंगतीला दिले पाहिजे.

या कोंडीतून बँक ऑफ थायलंडने काढलेली वाट म्हणजे अदलाबदलीचे वायदे. बँक बाजारातून आज डॉलर घेई व त्याबदल्यात बाट देई, आणि त्याच वेळी ठराविक महिन्यांनंतर ते डॉलर परत देण्याचा करार करी. यामुळे दोन गोष्टी साधत. हस्तक्षेपामुळे आटलेले बाट बाजारात परत जात, म्हणून व्याजदर फारसे चढत नसत. आणि गेलेले डॉलर आजच्या तारखेला परत साठ्यात दिसत. परंतु हे डॉलर बँकेचे नव्हते, ते पुढे द्यायचे देणे होते, आणि जाहीर होणाऱ्या साठ्याच्या आकड्यात ते देणे वजा केलेले नसे. सावकाराकडून आणलेली रक्कम तिजोरीत ठेवून ती आपली शिल्लक म्हणून मोजावी, तसा हा हिशेब होता.

१९९६ च्या अखेरीस आणि १९९७ च्या फेब्रुवारीत हल्ल्याच्या दोन लाटा येऊन गेल्या. मे १९९७ च्या मध्यास आलेली तिसरी लाट सर्वांत मोठी होती, आणि तिच्यात अवघ्या काही दिवसांत अब्जावधी डॉलर खर्ची पडले. तेव्हा बँकेने तिसरे साधन उचलले आणि देशातील बँकांना परदेशातील ग्राहकांना बाट उसने देण्यास मनाई केली. बाटचे दोन बाजार झाले. सिंगापूर आणि हाँगकाँगमध्ये रात्रभरासाठी बाट उसने घेण्याचा दर आकाशाला भिडला आणि वायद्यापोटी बाट देणे लागणाऱ्या अनेक निधींना तोटा सोसावा लागला. हा उपाय परदेशी सट्टेबाजाला थोपवतो, पण देशातल्या देशात बाट देऊन डॉलर घेणाऱ्या कर्जदार कंपनीला तो थोपवू शकत नाही, आणि पुढच्या सहा आठवड्यांत साठ्याची गळती चालूच राहिली.

या काळात बाहेरच्या माणसाला दिसणारा आकडा आणि आतला आकडा यांत किती अंतर पडले होते, ते पाहण्यासारखे आहे. जून १९९७ च्या अखेरीस जाहीर साठा ३२ अब्ज डॉलरच्या आसपास होता आणि तो अनेक महिन्यांच्या आयातीला पुरेल असा वाटत होता. वायद्यांपोटी द्यायचे डॉलर वजा केले, तर उरणारी रक्कम तीन अब्जांच्याही खाली होती. दुसरीकडे, परकीय बँकांचे वर्षभराच्या आत फेडायचे कर्ज ४५ अब्ज डॉलरच्या घरात होते, म्हणजे या कर्जांचे नूतनीकरण थांबले असते, तर वायदे नसतानाही साठा पुरला नसता. अर्थमंत्री अम्नुए विरावन यांनी १९ जूनला राजीनामा दिला. २७ जूनला सोळा वित्त कंपन्यांचे व्यवहार स्थगित झाले. ३० जूनला पंतप्रधान चावालित योंगचायुद यांनी बाटचे अवमूल्यन होणार नाही असे जाहीर केले, आणि २ जुलैच्या सकाळी बाट नियंत्रित तरता केल्याची घोषणा झाली. अशा प्रसंगी शेवटच्या क्षणापर्यंत नकार देण्यावाचून राज्यकर्त्यापुढे पर्याय नसतो, कारण उद्या दर सोडणार असे आज सूचित करणे म्हणजे उरलेला साठा एका दुपारी रिकामा करणे; म्हणूनच चलनबाजारात जुनी माणसे अशा नकाराला आश्वासन मानत नाहीत.

पहिल्याच दिवशी बाट सुमारे १५ ते २० टक्क्यांनी पडला. ऑगस्टमध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या पुढाकाराने १७ अब्ज डॉलरहून अधिक मदतीचा करार झाला आणि त्यानिमित्त वायद्यांच्या देण्याचे आकडे प्रथमच लोकांपुढे आले, तेव्हा बाट आणखी खचला. जानेवारी १९९८ मध्ये एका डॉलरला ५० हून अधिक बाट पडू लागले. वरच्या उदाहरणातील बांधकाम कंपनीचे कर्ज दुप्पट झाल्याचा हा तो क्षण. निर्यात स्वस्त झाल्याचा लाभ हळूहळू, वर्षभराने पोहोचतो, पण डॉलरमधील कर्जाचा भार त्याच दिवशी वाढतो, म्हणून पाठ्यपुस्तकात गुणकारी ठरणारे अवमूल्यन थायलंडमध्ये प्रथम दिवाळखोरी घेऊन आले. व्यवहार स्थगित झालेल्या वित्त कंपन्यांची संख्या पुढे ५८ झाली, आणि त्यांपैकी ५६ कायमच्या बंद झाल्या.

१९९७ मध्येच हाँगकाँगचा डॉलर मात्र टिकला, आणि पक्का दर आणि बांधलेला दर यांतील फरक त्यातून नीट उमगतो. हाँगकाँगमध्ये ऑक्टोबर १९८३ पासून चलन मंडळाची पद्धत आहे, म्हणजे बाजारातील प्रत्येक स्थानिक डॉलरमागे ७.८० या दराने अमेरिकी डॉलर ठेवलेला असतो आणि डॉलर बाहेर गेले की तेवढे स्थानिक चलन आपोआप बाद होते. ते अदलाबदलीतून परत बाजारात सोडण्याचा मार्ग नसतो. २३ ऑक्टोबर १९९७ रोजी हल्ला झाला, तेव्हा बँकांमधील रात्रभराचा व्याजदर २८० टक्क्यांपर्यंत गेला. पैज लावणाऱ्याचा खर्च एका रात्रीत असह्य झाला, पण त्याचबरोबर शेअर बाजार कोसळला, पुढे जागांचे भाव पडले आणि १९९८ च्या अखेरीपासून काही वर्षे सर्वसाधारण किमतीच उतरत राहिल्या. दर टिकला, तो या किमतीवर. ती देण्यास समाज शेवटपर्यंत तयार असेलच असे नाही: १९९१ मध्ये एक पेसो म्हणजे एक डॉलर असे कायद्याने ठरवणाऱ्या अर्जेंटिनाने बेकारी आणि रस्त्यावरील असंतोष यांपुढे जानेवारी २००२ मध्ये तो कायदा सोडून दिला. दर कायद्यात लिहिल्याने हल्ला अवघड होतो, अशक्य होत नाही.

दर उलट्या दिशेनेही तुटतो, पण तेथील यंत्रणा वेगळी असते. स्विस मध्यवर्ती बँकेने सप्टेंबर २०११ मध्ये युरोचा भाव १.२० फ्रँकच्या खाली जाऊ देणार नाही असे जाहीर केले होते. फ्रँक वर जाऊ न देण्यासाठी तिला फ्रँक विकून युरो घ्यायचे होते, आणि स्वतःचे चलन ती हवे तितके निर्माण करू शकत असल्याने साठा संपण्याचा प्रश्नच नव्हता. तरीही १५ जानेवारी २०१५ रोजी तिने हे बंधन सोडले, कारण वाढत चाललेला युरोंचा ढीग आणि त्यावरील संभाव्य तोटा तिला नकोसा झाला. खाली ओढणाऱ्या ताणापुढे बँकेला डॉलर संपल्यामुळे हार मानावी लागते. वर ढकलणाऱ्या ताणापुढे ती स्वतःच्या निर्णयाने माघार घेते.

तरता दर या सगळ्यावर उतारा आहे, असे मानणेही घाईचे ठरेल. तो हल्ल्याचे ठरलेले लक्ष्य काढून घेतो आणि डॉलरमध्ये कर्ज घेणाऱ्याला दर बदलण्याची जाणीव रोज करून देतो, एवढा त्याचा निश्चित लाभ आहे. मात्र तेल आयात करणाऱ्या देशात चलन पडले की महागाई चढते, म्हणून बहुतेक विकसनशील देशांच्या मध्यवर्ती बँका दर तरता म्हणतात आणि प्रत्यक्षात वरचेवर डॉलर विकत किंवा घेत राहतात. रिझर्व्ह बँकही हे करते, आणि ती वायदे बाजारातही उतरते. त्यामुळे दर आठवड्याला वर्तमानपत्रात छापून येणारा परकीय गंगाजळीचा आकडा वाचताना, रिझर्व्ह बँकेच्या मासिक पत्रिकेत काहीशा विलंबाने येणारा वायद्यांचा तक्ताही शेजारी ठेवावा लागतो. त्या तक्त्यात पुढे विकायच्या डॉलरची निव्वळ बाकी दिलेली असते. ती साठ्याच्या तुलनेत लहान असेल, तर ती बाजार सावरण्याच्या रोजच्या कामाचा भाग असते. ती महिन्यामागून महिना वाढत असेल आणि त्याच काळात जाहीर साठा मात्र स्थिर दिसत असेल, तर त्या स्थैर्यातला किती भाग उसना आहे हे वजाबाकी करून पाहणे आवश्यक ठरते. थायलंडमध्ये १९९७ च्या पहिल्या सहा महिन्यांत हा दुसरा तक्ता प्रसिद्धच होत नव्हता.